ओट्यावरचा भार आणि तारेची जाडी

सिंकखालचा ३ लिटरचा इन्स्टंट गीझर, ओट्यावरची इंडक्शन शेगडी आणि कपाटातला मायक्रोवेव्ह ही तीन उपकरणे एकाच वेळी चालू असली, तर स्वयंपाकघर साधारण २७ अँपिअर प्रवाह ओढते. जुन्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला एकच पॉवर पॉइंट असे आणि त्यावर मिक्सर, फार तर टोस्टर चाले. तिथे अडीचची तार पुरत होती. आज त्याच तारेवर ही तिन्ही उपकरणे आली की वायरमनला विचारले जाते, ‘अडीचऐवजी चारची टाकली तर चालेल का?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. तार किती जाडीची हवी हे चार गोष्टींवरून ठरते: उपकरणे किती प्रवाह ओढतात, तारेच्या डोक्यावर किती अँपिअरची एमसीबी आहे, तार ज्या पाइपात आहे तो किती तापतो आणि त्याच पाइपात शेजारी आणखी किती भरलेल्या तारा आहेत.

‘अडीचची’, ‘चारची’ हे आकडे तारेच्या व्यासाचे नव्हेत. तांब्याच्या छेदाचे क्षेत्रफळ २.५ किंवा ४ चौरस मिलिमीटर आहे, असा त्यांचा अर्थ. जुने वायरमन अजून ‘तीन-वीस’ आणि ‘सात-वीस’ म्हणतात. त्यात पहिला आकडा तारेतल्या पदरांचा आणि दुसरा पदराच्या गेजचा असतो. २० गेजचा पदर सुमारे ०.९१ मिमी जाड असतो, म्हणून तीन-वीसचे क्षेत्रफळ २ चौरस मिमीच्या किंचित खाली आणि सात-वीसचे ४.६ च्या आसपास येते. जुन्या घरातली तीन-वीस ही अडीचच्या तारेइतकीच मानली जाते, पण प्रत्यक्षात तिच्यात तांबे कमी असते.

प्रवाह काढायला उपकरणाच्या पाठीवरची पट्टी वाचावी आणि तिथले वॅट २३० व्होल्टने भागावेत. ३ लिटरच्या बहुतेक गीझरवर ३००० वॅट लिहिलेले असते, म्हणजे १३ अँपिअर. एका भांड्याची इंडक्शन शेगडी पूर्ण आचेवर २००० वॅट घेते, म्हणजे ८.७ अँपिअर. मायक्रोवेव्हच्या बाबतीत मात्र चूक होते. त्याच्या खोक्यावर ठळक छापलेले ८०० वॅट हे अन्नात उतरणाऱ्या शक्तीचे असतात. भिंतीतून तो साधारण १२०० वॅट ओढतो, म्हणजे ५.२ अँपिअर, आणि हा आकडा मागच्या पट्टीवर ‘इनपुट’ या शब्दापुढे बारीक अक्षरात सापडतो. कन्व्हेक्शनची सोय असलेला मायक्रोवेव्ह केक भाजताना २००० वॅटच्या घरातही जातो. तेव्हा पट्टीवरचा सर्वांत मोठा आकडा धरावा.

तिन्ही मिळून ६२०० वॅट आणि २७ अँपिअर झाले. ‘सगळे एकदम कुठे चालते?’ असे म्हणून हा आकडा कमी करण्याचा मोह होतो. संपूर्ण घराच्या भाराचा अंदाज करताना तशी सूट देता येते, कारण दिवे, पंखे आणि इस्त्री खरोखरच एकाच क्षणी पूर्ण भाराने चालत नाहीत. पण स्वयंपाकघरातल्या या तीन उपकरणांची वेळच एक आहे. सकाळी सात वाजता शेगडीवर दूध असते, मायक्रोवेव्हमध्ये रात्रीची भाजी गरम होत असते आणि भांडी घासायला गरम पाणी सुरू असते. ३ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला ३ किलोवॅटच्या गीझरला दोन मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. पण नळ चालू राहिला की थंड पाणी आत येत राहते आणि गीझर बंद होतच नाही. पाइपातली बारीक तार तापायला काही मिनिटे पुरतात. म्हणून इथे २७ अँपिअर पूर्ण धरणेच योग्य.

तार तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. अडीचच्या तारेतून गीझरचे १३ अँपिअर जातात, तेव्हा तारेच्या प्रत्येक मीटरमध्ये सुमारे १.६ वॅट उष्णता तयार होते आणि पाइप ती भिंतीला सहज देऊन टाकतो. त्याच तारेतून २७ अँपिअर गेले, तर मीटरमागे जवळजवळ ७ वॅट होतात. फेज आणि न्यूट्रल मिळून १४. बंद पाइपात आणि प्लास्टरखाली ही उष्णता तुंबते. घरगुती तारेवरचे पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या सततच्या तापमानासाठी असते. त्यापुढे ते लगेच वितळत नाही. ते हळूहळू कडक होते, त्याला चिरा पडतात आणि काही वर्षांनी एखाद्या वळणावर तांबे उघडे पडते. जास्त भाराची तार पहिल्या दिवशी काहीच तक्रार करत नाही, म्हणूनच तिच्यातला धोका ध्यानात येत नाही.

कोणती तार किती अँपिअर वाहील याचे तक्ते असतात. भिंतीत गाडलेला पाइप, त्यात एकच सर्किट आणि भोवतालचे तापमान ३० अंश असे धरून आंतरराष्ट्रीय तक्ता पीव्हीसी आवरणाच्या तांब्याच्या तारेला पुढील क्षमता देतो: दीडच्या तारेला १७.५ अँपिअर, अडीचला २४, चारला ३२, सहाला ४१ आणि दहाला ५७. वरवर पाहता २७ अँपिअरला चारची तार पुरून उरते. पण महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात भिंत ३० अंशांवर नसते. ४० अंशांना या आकड्यांना ०.८७ ने गुणावे लागते, ४५ ला ०.७९ ने आणि ५० ला ०.७१ ने. वरच्या मजल्यावर पाइप गच्चीच्या स्लॅबमधून जात असेल, तर नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये ५० चा आकडा अतिशयोक्तीचा ठरत नाही. एकाच पाइपात दोन भरलेली सर्किटे असली तर आणखी ०.८० ने गुणायचे आणि तीन असली तर ०.७० ने. नुसत्या दिव्यांचे, अगदी हलक्या भाराचे सर्किट या हिशेबात धरले नाही तरी चालते. वायर कंपनीच्या पत्रकातले आकडे वापरायचे असतील, तर ते किती तापमानाला दिले आहेत हे आधी पाहावे. पत्रकातला आकडा मुळातच ४० अंशांचा असेल, तर त्याला पुन्हा तापमानासाठी गुणू नये.

तिसरा दुवा एमसीबीचा. तिचा आकडा उपकरणांच्या प्रवाहापेक्षा मोठा हवा आणि तारेच्या कमी करून घेतलेल्या क्षमतेपेक्षा लहान किंवा तेवढाच हवा. सारा हिशेब या एका साखळीत आहे: भार, त्याहून मोठी एमसीबी, त्याहून मोठी तार. एमसीबी तारेच्या रक्षणासाठी असते, हे विसरले की घोटाळा होतो. स्वयंपाकघरातली १६ ची एमसीबी वारंवार पडते म्हणून कोणीतरी तिथे ३२ ची बसवून देतो. पडणे थांबते आणि घरातले समाधानी होतात. पण मानकानुसार ३२ ची एमसीबी तिच्या आकड्याच्या १.१३ पट, म्हणजे ३६ अँपिअर, तासभर न पडता वाहू देते, आणि १.४५ पट, म्हणजे ४६ अँपिअर असतील तरी पडायला तिला एक तासापर्यंत मुभा असते. भिंतीतली अडीचची तार तेवढा वेळ भाजत राहते. एमसीबी पडत होती ते तिचे कामच होते.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पुण्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट, डीबी दाराजवळ, स्वयंपाकघर घराच्या दुसऱ्या टोकाला. सरळ अंतर ९ मीटर असले तरी पाइप छताजवळून वळसा घेऊन ओट्यापर्यंत उतरतो, म्हणून तारेची लांबी १४ मीटर धरायची. भिंतीचे तापमान ४० अंश. घरमालकाची मूळ इच्छा एकच जाड तार ओढून तिच्यावर तिन्ही पॉइंट घेण्याची आहे.

२७ अँपिअरच्या वर मिळणारी एमसीबी ३२ ची. तार पाइपात एकटी असेल, तर चारची क्षमता ३२ गुणिले ०.८७, म्हणजे सुमारे २८ अँपिअर. ती उपकरणांना पुरते, पण एमसीबीच्या ३२ पेक्षा कमी पडते, म्हणून बाद. सहाची तार ३५.७ अँपिअर देते, म्हणून ती चालते. त्याच पाइपात बेडरूमच्या एसीची तार असेल, तर सहाची क्षमता २८.५ वर येते आणि दहाची घ्यावी लागते.

कागदावर हे जमले, तरी पॉइंटवर अडचण येते. १६ अँपिअरच्या सॉकेटच्या टर्मिनलमध्ये सहाची एक तार कशीबशी बसते. पुढच्या पॉइंटला लूप द्यायला दुसरी तार घालावी लागते, ती मावत नाही. मग वायरमन पक्कडीने पदर छाटतो आणि उरलेले पिळून आत कोंबतो. जाड तारेचे पैसे देऊन शेवटच्या एका सेंटिमीटरमध्ये दीडच्या तारेइतके तांबे उरते आणि सर्वांत जास्त ताप तिथेच होतो. शिवाय ३२ ची एमसीबी १६ च्या सॉकेटचे रक्षण करत नाही. कोणी सॉकेटमध्ये मल्टिप्लग लावून गीझर आणि शेगडी दोन्ही त्यावर चालवले, तर सॉकेट जळून जाईल आणि एमसीबी शांत राहील.

म्हणून तीन उपकरणांना तीन सर्किटे आणि प्रत्येकाला १६ ची एमसीबी, हा जास्त निर्धोक मार्ग. प्रत्येक सर्किटवर १३ अँपिअर किंवा त्याहून कमी भार आहे, तेव्हा अडीचची तार भरपूर होईल असे वाटते. ती पाइपात एकटी असेल, तर तिची क्षमता २४ गुणिले ०.८७, म्हणजे २०.९ अँपिअर येते आणि ती पुरते. दोन सर्किटे एका पाइपात असतील तर १६.७, म्हणजे काठावर का होईना, चालते. पण बहुतेक घरांत ओट्याकडे एकच पाइप उतरतो आणि तिन्ही सर्किटे त्यातूनच जातात. मग २४ गुणिले ०.८७ गुणिले ०.७०, म्हणजे १४.६. एमसीबी १६ ची आणि तार १४.६ ची, ही साखळी तुटली. चारची तार त्याच पाइपात १९.५ अँपिअर देते, म्हणून तिन्ही सर्किटांना चारची तार घ्यावी. भिंत ४५ अंशांना तापली तरी ती १७.७ वर टिकते. ५० अंशांना मात्र १५.९ होते, म्हणून गच्चीखालच्या घरात तीन सर्किटे दोन पाइपांत वाटावीत. पाइपाच्या व्यासाचाही विचार हवा. तीन सर्किटांच्या नऊ तारा २० मिमीच्या पाइपात ओढल्या, तर आवरण खरवडते. २५ मिमीचा पाइप घ्यावा, म्हणजे त्याच्या पोटातली निम्म्याहून जास्त जागा मोकळी राहते.

नऊ तारा म्हणजे तीन फेज, तीन न्यूट्रल आणि तीन अर्थिंगच्या. ही मोजणी महत्त्वाची आहे, कारण अनेक घरांत इथे काटकसर केली जाते. तीन एमसीबींपासून तीन लाल तारा निघतात, पण परतीला एकच काळी तार असते आणि तिन्ही पॉइंटचे न्यूट्रल तिलाच जोडलेले असतात. डीबी उघडून पाहिली तर तीन एमसीबी दिसतात आणि सगळे नीट वाटते. प्रत्यक्षात सिंगल फेजच्या घरात तिन्ही फेजमधून गेलेला प्रवाह बेरीज होऊन न्यूट्रलमधून परततो. लाल तारांत १३, ८.७ आणि ५.२ अँपिअर असताना काळ्या तारेत २७ असतात. त्या तारेवर एमसीबी नाही, म्हणून ती कितीही तापली तरी काहीच पडत नाही. प्रत्येक सर्किटला स्वतःची न्यूट्रल हवी आणि तिची जाडी फेजएवढीच हवी. हे तपासायला एमसीबीखालच्या फेजच्या तारा आणि पट्टीवरून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या न्यूट्रल तारा मोजाव्यात. दोन्ही संख्या सारख्या यायला हव्यात.

अर्थिंगच्या तारेचा साधा नियम असा, की १६ चौरस मिमीपर्यंत ती फेजएवढ्याच जाडीची घ्यावी. चारच्या फेजबरोबर एकची हिरवी तार टाकण्याची जुनी सवय गीझरच्या बाबतीत फार वाईट आहे. गीझरचे हीटिंग एलिमेंट फुटले की प्रवाह पाण्यात उतरतो, आणि सिंकखालच्या गीझरच्या नळाला ओला हात सतत लागत असतो. चांगल्या अर्थिंगबरोबर या सर्किटांवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही हवी. तारेची जाडी माणसाला शॉकपासून वाचवत नाही. ते काम आरसीसीबी करते.

डीबी फार दूर असेल किंवा भिंती पुन्हा पुन्हा फोडायच्या नसतील, तर आणखी एक रचना उत्तम ठरते आणि घरमालकाची मूळ इच्छाही तिच्यात पुरी होते. मुख्य डीबीत ३२ ची एमसीबी बसवून एकच सहाची तार वेगळ्या पाइपातून स्वयंपाकघरापर्यंत आणायची. तिथे हाताला येईल पण पाण्याचे शिंतोडे पोहोचणार नाहीत अशा जागी छोटी डीबी लावायची. तिच्यात ४० अँपिअरची आरसीसीबी आणि १६ च्या तीन एमसीबी बसवायच्या. तिथून प्रत्येक पॉइंटपर्यंत दोन-तीन मीटरची अडीचची तार वेगवेगळ्या पाइपांतून न्यायची. सहाची तार सॉकेटमध्ये न घुसता डीबीच्या मोठ्या टर्मिनलमध्ये लग लावून बसते, म्हणून पदर छाटण्याची वेळ येत नाही. पुढे डिशवॉशर येणार असेल, तर सुरुवातीलाच दहाची तार ओढावी, कारण ३२ आणि २७ यांच्यातली ५ अँपिअरची जागा त्याला पुरणार नाही.

लांबीमुळे होणारी व्होल्टची घट फ्लॅटमध्ये फारशी आड येत नाही. १४ मीटरवर अडीचच्या तारेत गीझरमुळे साधारण ३.५ व्होल्ट घटतात, चारच्या तारेत २.१. दोन्ही दोन टक्क्यांच्या आत आहेत. पण कोकणातल्या लांबट घरात मीटर पडवीत आणि स्वयंपाकघर ४० मीटर मागे असेल, तर अडीचच्या तारेत १० व्होल्ट जातात. गीझरची उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून चार-पाच टक्के व्होल्ट गेले तर पाण्याची उष्णता आठ-नऊ टक्के कमी होते. अशा घरात तार उष्णतेच्या हिशेबाने पुरेशी असली तरी एक पायरी जाड घ्यावी.

तार विकत घेताना आवरणावर दर काही अंतरावर छापलेला आयएसआयचा शिक्का आणि आयएस ६९४ हा मानकाचा क्रमांक पाहावा. एक इंच आवरण सोलून तांब्याचे पदर चकचकीत आणि लालसर आहेत ना हेही पाहावे. पॉइंटवर पोहोचल्यावर गीझरला प्लगऐवजी २० किंवा ३२ अँपिअरचा डबल पोल स्विच देणे चांगले, म्हणजे फेज आणि न्यूट्रल एकदमच तुटतात. नवे सर्किट सुरू करण्याआधी वीजबिलावरचा मंजूर भार पाहावा. फ्लॅटमध्ये एसी असेल, तर ही ६.२ किलोवॅटची भर घालून तो वाढवून घ्यावा लागेल. हे सारे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायचे.

काम संपल्यावर एक चाचणी वायरमनकडून जरूर करून घ्यावी. गीझर पूर्ण भाराने चालू असताना त्याने मल्टिमीटरने आधी डीबीत एमसीबीच्या बाहेर पडणाऱ्या टोकावर आणि मग गीझरच्या स्विचवर व्होल्ट मोजावेत. चारची तार आणि १४ मीटरच्या हिशेबाने दोन आकड्यांत सुमारे २ व्होल्टचा फरक यायला हवा. तो ३ आला तरी चिंता नाही. पण तो ११ आला, तर उरलेले ९ व्होल्ट कुठल्या तरी सैल जोडात खर्च होत आहेत. ९ व्होल्ट आणि १३ अँपिअर म्हणजे ११७ वॅट, म्हणजे एका जुन्या शंभराच्या बल्बपेक्षाही जास्त उष्णता, आणि तीही नखाएवढ्या पितळी टर्मिनलमध्ये. अशा जागी काही दिवसांत प्लेट पिवळसर पडते, मग तपकिरी होते, आणि जळक्या प्लास्टिकचा किंवा सडक्या मासळीसारखा वास येऊ लागतो. स्विचच्या प्लेटवर हाताचा मागचा भाग टेकवून पाहावा. अर्धा तास गीझर चालल्यावर ती कोमट लागली तर ठीक. हात टेकवून ठेवता येत नसेल, तर एमसीबी बंद करून टर्मिनल उघडावे, काळवंडलेले टोक ताज्या तांब्यापर्यंत कापून टाकावे आणि पदर पूर्ण संख्येने आत घेऊन स्क्रू पुन्हा आवळावा. नव्या तारेचा स्क्रू पहिल्या काही आठवड्यांत थोडा सैल पडतो, कारण मऊ पदर दाबाखाली बसत जातात. म्हणून महिनाभराने सगळे स्क्रू, डीबीतल्या न्यूट्रलच्या पट्टीसह, एकदा पुन्हा आवळून घ्यावेत.